४०० किलोहर्ट्झच्या आयटूसी बससाठी पुल-अप किती घ्यावा?

*प्रश्न: ३.३ व्होल्टची आयटूसी बस, तीन सेन्सर, दीड मीटर केबल. पुल-अप ४.७ के. १०० किलोहर्ट्झला व्यवस्थित चालतं, ४०० ला सेन्सर मधूनच उत्तर देत नाहीत. तापकीर गल्लीतून कोणता रेझिस्टर आणू?*

२.२ के आणा आणि सध्याच्या ४.७ केला पॅरलल लावा, एसडीए आणि एससीएल दोन्हीवर. मिळून १.५ के होतात. मात्र आधी पॉवर बंद करून एसडीए आणि ३.३ व्होल्ट यांच्यामध्ये मीटर लावा. बाजारातल्या बऱ्याच मॉड्यूलवर स्वतःचे पुल-अप बसवलेले असतात, त्यामुळे तुम्ही समजता ते ४.७ के प्रत्यक्षात २ केसुद्धा निघू शकतात. खालचा हिशेब ४.७ केच भरले असं धरून आहे.

ओपन-ड्रेन पिन लाइन फक्त खाली ओढते. वर नेण्याचं काम एकट्या रेझिस्टरचं असतं आणि त्याला केबल, ट्रॅक, पिना यांची सगळी कपॅसिटन्स भरावी लागते. ती अंदाजाने धरू नका, स्कोपवर मोजा. लाइन १ व्होल्टवरून २.३ व्होल्टला (३० ते ७० टक्के) जायला किती वेळ लागतो ते बघा. प्रोब १०एक्सवर हवा. १एक्सवर तो स्वतःच १०० पिकोफॅरडच्या आसपास भर घालतो. समजा ८०० नॅनोसेकंद आले:

```
Cb   = tr / (0.8473 × R) = 800n / (0.8473 × 4.7k) ≈ 200 pF
Rmax = 300n / (0.8473 × 200p) ≈ 1.77k
Rmin = (3.3 − 0.4) / 3mA ≈ 967 Ω
```

१०० किलोहर्ट्झला १००० नॅनोसेकंदांची मुभा आहे, म्हणून तिथे तुमचं निभावतं. ४०० ला मर्यादा ३००. क्लॉक वर राहण्याचा किमान वेळच ६०० नॅनोसेकंद, मग ८०० घेणारी लाइन वर पोचेपर्यंत खाली यायची वेळ होते. स्कोपवर चौकोनाऐवजी माशाच्या परासारखा आकार दिसेल.

१.८ के लावले तर ३०५ नॅनोसेकंद होतात, थोडक्यात हुकतं. १.५ केला २५४. रेझिस्टर ५ टक्के जास्त भरला तरी २६७.

आता खालची बाजू. लाइन खाली असताना १.५ केमधून सुमारे २ मिलिअँपिअर पिनेत जातात, ३ च्या आत. मग आणखी कमी ओहम का नको? कमकुवत पिनेला एवढा करंट ओढवत नाही आणि लो पातळी शून्याकडे न जाता वर तरंगते. रेझिस्टर लावल्यावर प्रत्येक सेन्सर उत्तर देत असताना ही पातळी बघा. एखाद्याची ०.४ व्होल्टच्या वर राहिली, तर त्या चिपसाठी रेझिस्टर फार लहान आहे. सेन्सर बॅटरीवर असतील तर हे २ मिलिअँपिअर दोन्ही लाइनवर मोजायला विसरू नका.

१.५ केला सुमारे २३५ पिकोफॅरडपर्यंत चालतं, म्हणजे केबल फार वाढवायला जागा नाही. ३६५ च्या पुढे तर Rmax हा Rmin पेक्षाही लहान होतो. तिथे कुठलाच रेझिस्टर बसत नाही. केबल कमी करा, वेग उतरवा नाहीतर मध्ये आयटूसी बफर घाला.