गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आत्या-आतोबा १ बीएचकेमध्ये: बेडरूम कुणाची आणि परतीची तारीख कशी ठरवायची

प्रश्न: ठाण्यात आमचा १ बीएचके आहे. नवऱ्याच्या आत्याचं गुडघा बदलण्याचं ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले. आत्या बेडरूममध्ये, आम्ही दोघं आणि आतोबा हॉलमध्ये. मला सकाळी ७:४० ला निघावं लागतं. गावी कधी जाणार विचारलं की "बरं वाटलं की जाऊ" म्हणतात. त्यांना दुखवायचं नाही, पण आम्हा दोघांना धड बोलायलाही जागा उरलेली नाही. काय करावं?

उत्तर:

सगळी अडचण "बरं वाटलं की" या शब्दांत आहे. गुडघा बदलल्यावर सूज, ठणका आणि सकाळचा ताठरपणा काही महिने राहतो, काहींना वर्षभरही जाणवतो. म्हणजे "बरं वाटलं की" ही तारीख कधी येतच नाही. त्याऐवजी "कमोडवर एकटीने जाता येतं, दोन पायऱ्या चढता-उतरता येतात, गावच्या घरी तशी सोय झाली आहे" अशी खूण धरा. ही खूण साधारण सहा ते आठ आठवड्यांत गाठता येते, आणि तुम्ही तिच्या अगदी जवळ आहात.

पण आधी बेडरूम, कारण तो बदल आजच करता येईल. पेशंटला आतली खोली द्यावी असं आपल्याला वाटतं, तो आपल्याकडचा मान आहे. प्रत्यक्षात बऱ्याच १ बीएचकेमध्ये बेडरूममध्ये डबल बेड आणि कपाट यांच्या मधून वॉकर नीट वळत नाही. वॉकर साधारण दोन फूट रुंद असतो, त्याला अडीच फूट मोकळी वाट लागते. तुमच्या घरी टेपने मोजा: बेडच्या कडेपासून संडासाच्या दारापर्यंतची वाट, आणि हॉलमधल्या दिवाणापासूनची. हॉलची वाट सरळ निघाली तर आत्याला दिवाणावर हलवणं त्यांच्याच सोयीचं आहे आणि तसं सांगताही येतं. त्याच कारणाने दिवसा त्या माणसांत राहतील, खुर्चीत बसतील, चालतील. आतल्या खोलीत पेशंट बहुधा पडूनच राहतो.

दिवाणाची उंची मात्र बघा. गादीसकट १८ ते २० इंच हवी. सोफा-कम-बेड बहुतेक त्याहून बुटका असतो, त्यावरून उठताना नवा गुडघा जास्त वाकतो आणि पेशंट हाताला धरून ओढायला सांगतो. दिवाण बुटका असेल तर सुताराकडून चारही पायांखाली खाचेचे लाकडी ठोकळे करून घ्या, म्हणजे तो सरकणार नाही. वाटेवरची पायपुसणी आणि सतरंजी उचला, संडासापाशी रात्रभर छोटा दिवा ठेवा. आतोबांची गादी दिवाणाच्या दुसऱ्या बाजूला, वाट सोडून.

आता तुमचं दार. रात्री ते लावायला तुम्हाला संकोच वाटत असणार, कारण आत्यांनी हाक मारली आणि ऐकू आली नाही तर? त्यासाठी बिनतारी डोअरबेल घ्या, काही शे रुपयांना मिळते. बटण आत्यांच्या उशाशी चिकटवा, घंटा तुमच्या खोलीत लावा. पहिल्या रात्री एकदा वाजवून दाखवा. मग साडेदहाला "आत्या, काही लागलं तर बटण दाबा" म्हणून दार लावलं की त्यात तुटकपणा राहत नाही. मात्र कडी रोज त्याच वेळी लावा. एक दिवस दार उघडं, एक दिवस बंद, असं झालं की बंद दाराचा वेगळा अर्थ निघतो.

सकाळचं भांडण बहुतेक गिझरचं असतं. १५ लिटरचा, २ किलोवॅटचा गिझर पूर्ण तापायला जवळपास २० मिनिटं घेतो आणि त्यात गार पाणी मिसळून दीड-दोन बादल्याच निघतात. चौघं पाठोपाठ अंघोळीला गेली तर तिसऱ्याला कोमट पाणी. म्हणून ७:४० च्या आत फक्त तुमची दोघांची अंघोळ, आतोबांची तुम्ही निघाल्यावर, आत्यांची दहानंतर. आत्यांना तर उशिराचीच वेळ बरी: ताठरपणा थोडा उतरलेला असतो, बाथरूम कोरडं असतं आणि घाई नसते. ओल्या फरशीवर घाई करणं हाच त्यांना सर्वांत मोठा धोका आहे.

आता तारीख. सहा आठवड्यांच्या तपासणीला तुमच्या नवऱ्याने सोबत जावं आणि डॉक्टरांना आत्यांसमोर तीन गोष्टी विचाराव्यात: प्रवास कधी करता येईल, तालुक्याच्या गावी फिजिओथेरपी चालेल का, पुढची तपासणी कधी. उत्तरं केसपेपरवर लिहून घ्या. डॉक्टरांनी लिहिलेली तारीख कुणाला बोचत नाही. तुम्ही काढलेली तारीख मात्र "सुनेनं घालवलं" म्हणून वर्षानुवर्षं फिरते, तेव्हा हा विषय नवऱ्यानेच काढावा. गुडघा ९० अंशांपर्यंत वाकत नसेल, जखमेतून पाणी येत असेल, ताप असेल किंवा पोटरी दुखून सुजली असेल, तर तारखेचा विषय बाजूला ठेवा आणि आधी त्यावर उपचार घ्या. पोटरीची सूज किंवा जखमेचं पाणी दिसलं तर तपासणीची वाटही पाहू नका.

गावी जायला आत्या का कचरतात हे बहुतेक वेळा कुणी विचारतच नाही. घरी भारतीय संडास, तोही अंगणापलीकडे, आणि पावसात शेवाळलेली फरशी, ही भीती खरी आहे. "आम्ही इथे अडचण करतोय का?" असं त्या विचारतील तेव्हा "छे छे, राहा की हवं तेवढं" म्हणू नका. नवऱ्याने असं म्हणावं: "आत्या, तुला घरी संडासाची भीती वाटते ना? दादाला सांगून आपण आधी ती सोय करू. पुढच्या रविवारी मी स्वतः तुला सोडायला येतो." दादा म्हणजे गावी राहणारा त्यांचा मुलगा. त्याच्याकडे आठवडाभराचं काम आहे: संडासावर ठेवायची कमोड खुर्ची आणणं, तिचे रबरी पाय सपाट जागी टेकतात का हे स्वतः बसून पाहणं, पावसाळा असेल तर भांड्याची कमोड खुर्ची खोलीतच ठेवणं, अंघोळीला उंच स्टूल, पायऱ्यांना कठडा, खाटेची उंची इथल्यासारखीच. फिजिओथेरपिस्टची पहिली वेळही निघण्याआधीच घ्यायला सांगा. फोटो मागवा आणि आत्यांना दाखवा. ते पाहिल्यावर निघायचा विषय बऱ्याचदा त्याच काढतात.

तोवर इथे रोज जिन्याच्या दोन पायऱ्या करून घ्या: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. मोटारीत त्यांना पुढच्या सीटवर बसवा, सीट पूर्ण मागे, आणि दर तासाने उतरून पाच मिनिटं चालवा.

पुढच्या तपासणीची तारीख निघतानाच दोन्ही घरांच्या कॅलेंडरवर लिहा, आणि "आदल्या संध्याकाळी येणार, तपासणीच्या दुसऱ्या दिवशी निघणार" हेही तिथेच लिहा.