रात्रपाळीच्या सिस्टरची चिठ्ठी: तिच्यात नक्की काय असतं

प्रश्न: मी एक लघुकथा लिहितेय. रात्रपाळीची नर्स एका पेशंटच्या घाबरलेल्या मुलीसाठी धीर देणारी चिठ्ठी ठेवून जाते. पण चिठ्ठीत ती खरंच काय लिहील? मला "काळजी करू नका, सगळं ठीक होईल" याच्या पुढं काही सुचत नाहीये.

उत्तर:

मी कोल्हापुरात एका खाजगी हॉस्पिटलला नर्स आहे, नाइट ड्यूटीच जास्त केलीय. पहिलं सांगते, ते "सगळं ठीक होईल" कथेतून काढूनच टाका. कुठलीही जुनी सिस्टर असं लिहून देणार नाही, कारण ठीक होणार का नाही हे तिच्या हातात नसतं आणि पुढचं बोलायचं ते डॉक्टरांनी. पण तिच्याकडं एक गोष्ट असते जी त्या मुलीला दुसरं कोणीच देऊ शकत नाही, ती म्हणजे रात्रभर काय काय झालं ते. घरच्यांनी संध्याकाळी आईला एका अवस्थेत बघितलेलं असतं, मग दार बंद, आणि सकाळपर्यंत डोक्यात नुसते विचार. ती मधली रात्र भरून काढली की धीर आपोआप येतो.

एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. कागलकडची आजी, पंचाहत्तरीच्या पुढची, गोठ्यात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलेलं. ऑपरेशन चांगलं झालं, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून आजी वेगळंच बोलायला लागल्या. मुलगी भेटायला आली तर तिला "अक्का" म्हणाल्या, म्हणजे त्यांची वारलेली बहीण, आणि भिंतीकडं बोट करून तिथं कोण उभं हाय ते विचारायला लागल्या. मुलगी बाहेर येऊन ढसाढसा रडली. त्यात कोणीतरी नातेवाईक म्हणाल्या की बाहेरचं काहीतरी झालंय, कोणी म्हणालं भूल जास्त झाली, डोक्यावर परिणाम झाला, आता असंच राहणार. ती दोन रात्री खाली वेटिंगमध्ये चटईवर झोपलेली, घरी कसबा बावड्याला लहान पोराला ताप, म्हणून त्या रात्री नवऱ्याला बसवून ती घरी गेली. आमच्या त्या वॉर्डात रात्री नातेवाईकांना आत सोडत नाहीत.

आजींना जे झालं होतं त्याला डेलिरियम म्हणतात. म्हाताऱ्या माणसांना मोठ्या ऑपरेशननंतर, खास करून खुब्याच्या, हे खूप वेळा होतं. अचानक सुरू होतं, दिवसा बरं असतं आणि अंधार पडला की वाढतं, तासातासाला बदलतं. वेड लागणं वेगळं आणि हे वेगळं, हे शरीरात कुठंतरी काहीतरी अडलंय याची खूण असते. दुखणं, इन्फेक्शन, रक्तातलं सोडियम कमी होणं, पोट साफ नसणं, लघवी तुंबणं, नवीन औषध, रोजची झोपेची गोळी अचानक बंद होणं, यातलं एक किंवा चार एकदम. म्हणून अशा पेशंटला नर्स "बडबडतायत" म्हणून सोडून देत नाही, ती शोधायला लागते. तुमच्या कथेतली नर्स पण शोधताना दाखवा, चिठ्ठी त्याच्यातूनच येईल.

त्या रात्री अडीचच्या सुमाराला आजी उठून बसायला लागल्या. "सोड गं मला, म्हस वरडालीया, धार काढायची हाय." सलाइनची सुई ओढत होत्या, पाय कॉटखाली सोडत होत्या, आणि नवीन खुब्यावर असं उठणं म्हणजे पडायची आणि सांधा निसटायची भीती. अशावेळी "आजी तुम्ही हॉस्पिटलमध्ये आहात, इथं म्हस नाही" असं दहादा सांगून उपयोग नसतो, माणूस जास्त चिडतं. आणि "काढली मी धार" असं खोटं पण मी बोलत नाही, कारण पाच मिनिटांनी परत तेच. मी विचारलं, किती म्हशी तुमच्या? मग नावं सुरू झाली, कुठली लाथ मारते, कुणाचं रेडकू लहान आहे, आणि बोलता बोलता हात सुईवरून निघाला. तेवढ्यात मावशींनी उशाचा दिवा लावला. मग एकदाच हळू सांगितलं की तुमचं पायाचं ऑपरेशन झालंय, हे कोल्हापूरचं हॉस्पिटल आहे, मी सिस्टर, सकाळी तुमची लेक येणार.

ऑक्सिजन बघितला, 96. शुगर 148. ताप नाही. दुखतंय का विचारलं तर नाही म्हणाल्या, पण हात सारखा ओटीपोटाकडं जात होता. लघवीची नळी आठच्या आसपास काढली होती, अकराला भांडं दिलं तेव्हा लघवी झाली नव्हती आणि तेव्हा पोट मऊ होतं, आता हात लावला तर कडक. आरएमओ डॉक्टरांना उठवलं, त्यांनी बघून परत नळी टाकायला सांगितली, आणि अर्ध्या लिटरच्या वर लघवी निघाली. बिचाऱ्यांना नीट सांगता येत नव्हतं, नुसतं उठायचं होतं. वीस-पंचवीस मिनिटांत आजी शांत झाल्या. पूर्ण भानावर आल्या असं नाही, मधूनच म्हशीचं चालूच होतं, पण सव्वातीनच्या पुढं जे झोपल्या ते पावणेसहापर्यंत. झोपेचं इंजेक्शन द्यायची वेळ आली नाही हे मला फार बरं वाटलं, कारण त्यानं पण गोंधळ वाढू शकतो. डॉक्टरांनी सकाळी सोडियम आणि बाकीचं रक्त तपासायला लिहिलं.

आता चिठ्ठी कशाला, सरळ खाली जाऊन जावयाला सांगितलं असतं की. सांगितलं पण. पण निरोप असा तोंडी गेला की घरी पोचेपर्यंत त्याचं "बरं हाय म्हणालेत" एवढंच होतं. माझी ड्यूटी आठला संपते, मुलगी दहाला भेटायच्या वेळेत येणार. मग इन्चार्ज सिस्टरना विचारून डायरीचं पान फाडलं. केस पेपरवर असलं लिहायचं नसतं, तो कायद्याचा कागद. आणि मी लिहिलं ते साधारण असं:

"ताई, मी रात्रीची सिस्टर. तुम्ही काल रडत गेलात म्हणून लिहिते.

आई रात्री अडीचला उठायला लागल्या, धार काढायची आहे म्हणत होत्या. लघवी तुंबली होती, डॉक्टरांनी बघून नळी टाकायला लावली, त्यानंतर सव्वातीन ते पावणेसहा झोपल्या. मी किंवा मावशी सारख्या जवळच होतो, एकट्या नव्हत्या. सहाला दोन चमचे चहा घेतला आणि तुमचं नाव घेऊन पोराचा ताप उतरला का विचारलं.

हातावर जाड पट्टी दिसेल. हात बांधलेला नाही, सुई ओढू नये म्हणून गुंडाळलंय.

आज पण काहीबाही बोलतील, तुम्हाला परत अक्का म्हणतील. वाद घालू नका, रडू आलं तर बाहेर या. समोर बसून हात धरा, आपलं नाव सांगा, आज वार कुठला ते सांगा, घरचं बोला. एका वेळी एकानंच आत या.

येताना चष्मा आणि कानातलं मशीन आणा. ऑपरेशनच्या दिवशी दागिन्यांबरोबर पिशवीत गेलं असेल.

डॉक्टरांना दोन गोष्टी खऱ्या सांगा, आई रोज झोपेची गोळी घ्यायच्या का आणि मिश्री लावायच्या का. आणि आधीपासून विसरायच्या का तेही. लपवू नका, त्यावरून त्यांना उपचार ठरवता येतात. बरं व्हायला किती दिवस लागतील ते त्यांनाच विचारा, ते मला सांगता येणार नाही.

मी आज रात्री परत आठला आहे."

बघा, यात "काळजी करू नका" कुठंच नाही. सगळ्यात जास्त आधार देणारी ओळ म्हणाल तर पोराच्या तापाची, आणि ती मी रचलेली नाही, आजी खरंच तसं बोलल्या होत्या. बोलल्या नसत्या तर मी ती लिहिली नसती. तुमच्या कथेत पण अशी एकच खरी ओळ ठेवा, दोन ठेवल्या की गोड होतं. आणि मुलीला काम द्या. चष्मा आणा, गोळीचं सांगा. नुसतं बसून बघणाऱ्या माणसाला भीती जास्त खाते, हातात काम आलं की ती सावरते, हे मी वेटिंगमध्ये कितीतरी वेळा बघितलंय.

चष्म्याचं तर मला सगळ्यांनाच कळकळीनं सांगावंसं वाटतं. अंधुक दिसतंय, ऐकू येत नाही, वर पंख्याची सावली हलतेय, मशीन पीं पीं करतंय, अशा ठिकाणी रात्री दोनला जाग आली तर भिंतीपाशी माणूस दिसणारच की.

अजून एक, कथेत आईला सकाळी एकदम शुद्धीवर आणू नका. तसं होत नाही. आमच्या आजी पुढच्या रात्री पण बोलत होत्या, फक्त कमी. सोडियम थोडं कमी आलं होतं, त्याचे उपचार झाले, चष्मा आला, चौथ्या दिवशी फिजिओवाल्यांनी वॉकर धरून उभं केलं, तेव्हा त्यांनी त्यालाच विचारलं की तू कुठल्या गावचा. टाके काढायला आल्या तेव्हा लेकीनं सांगितलं की घरी अजून रात्री एखाद्या वेळी गोंधळतात. काहींना हे काही दिवसांत सुटतं, काहींना आठवडे लागतात, आणि आधीच विसरभोळेपणा असेल तर काही जण पूर्ण पहिल्यासारखे होत पण नाहीत. म्हणूनच मी पुढचं लिहायचं टाळते.

चिठ्ठी मुलीपर्यंत पोचते कशी ते पण ठरवा. कॉटवर उघडी ठेवायची नाही, बाजूच्या पेशंटचे नातेवाईक वाचतात, आणि आईच्या लघवीचं कोणी परक्यानं वाचावं असं मुलीला वाटणार नाही. मी घडी घालून वर मुलीचं नाव लिहून सकाळच्या सिस्टरच्या हातात दिली, हँडओव्हरच्या वेळी, आणि सांगितलं की लेकीलाच द्या, जावयाकडं नको.