लिबेटच्या घड्याळाची तबकडी आणि आमच्या तळ्याचा सांडवा

प्रश्न: लिबेटच्या प्रयोगात म्हणे माणसानं ठरवायच्या आधीच मेंदू कामाला लागलेला दिसतो. मग आपण स्वतः काही ठरवतच नाही, हे विज्ञानानं सिद्ध झालं असंच ना?

नाही झालं. मी बेळगावातल्या एका इस्पितळात ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, काढतो. खानापूर, चंदगड, निपाणीकडचे पेशंट दिवसभर समोर बसलेले असतात, त्यामुळे हा आलेख कसा तयार होतो ते मला हाताळून माहीत आहे. घोटाळा नेमका तिथंच आहे.

प्रयोग थोडक्यात असा. मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट आणि सहकाऱ्यांनी 1983 साली माणसांना घड्याळासारख्या एका तबकडीसमोर बसवलं. तिच्यावर एक ठिपका 2.56 सेकंदांत पूर्ण चक्कर मारायचा. सूचना अशी की मनात येईल तेव्हा मनगट हलवा आणि हलवावंसं वाटलं त्या क्षणी ठिपका कुठं होता ते नंतर सांगा. मनगटाच्या स्नायूवर लावलेला इलेक्ट्रोड हालचालीची खरी वेळ धरायचा, डोक्यावरचे इलेक्ट्रोड मेंदूची नोंद घ्यायचे. आधीपासून काही ठरवून न ठेवलेल्या हालचालींत मेंदूतली लहर मनगट हलायच्या साधारण 550 मिलिसेकंद आधी चढायला लागली, आणि लोकांनी ‘वाटलं’ म्हणून सांगितलेली वेळ निघाली 200 मिलिसेकंद आधीची. मधल्या 350 मिलिसेकंदांवर एवढा गदारोळ उभा आहे. लहर मात्र लिबेटची नव्हे. कॉर्नहूबर आणि डेक्के या दोघांनी तिचं वर्णन 1965 सालीच छापलं होतं. इंग्रजीत तिला रेडीनेस पोटेन्शियल म्हणतात, मी इथं ‘तयारीची लहर’ म्हणतो.

आता माझ्या खोलीत या. पेशंटच्या टाळूवर पेस्ट लावून इलेक्ट्रोड बसवला की पडद्यावर दिसते ती नुसती वळवळ. पापणी लवली तरी रेघ उडते, दात आवळले की जंगल माजतं. तयारीची लहर असते काही मायक्रोव्होल्टची, म्हणजे या वळवळीत ती एकेकटी डोळ्यांना दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. म्हणून काय करतात, तर मनगट चाळीस वेळा हलवायला लावायचं, प्रत्येक वेळी हालचालीचा क्षण शून्य धरायचा, तिथून मागचे तुकडे कापून एकावर एक ठेवायचे आणि सरासरी काढायची. गोंगाट एकमेकांना खाऊन टाकतो, उरतो तो संथ चढ. पुस्तकात छापलेली ती सुंदर रेघ म्हणजे चाळीस रेघांची सरासरी. कुणाच्याही डोक्यात त्या क्षणी ती तशी गुळगुळीत चढत होती, असा तिचा अर्थ होत नाही.

यात एक खोच आहे. खानापूरकडं आमच्या शेतात छोटं तळं आहे, बुडाशी थोडं गळतं. पावसाळ्यात पाणी आठ फुटांच्या आसपास वरखाली होत राहतं आणि दहा फुटांवर सांडवा. समजा मी रोज पातळी लिहून ठेवली. हंगामात सहा वेळा सांडव्यावरून पाणी गेलं. ते सहा दिवस शून्य धरून मागं गेलो तर सरासरी अशी दिसेल: तीन दिवस आधी सव्वाआठ, दोन दिवस आधी पावणेनऊ, आदल्या दिवशी सव्वानऊ, मग दहा. झकास चढ! आता मी म्हणालो की तळ्यानं सांडायचं तीन दिवस आधीच ठरवलं होतं, तर आई म्हणेल, “काय बोलूलैस रे?” कारण सव्वानऊला जाऊन पुन्हा खाली आलेले कितीतरी दिवस वहीत आहेत. ते मी सरासरीत घेतलेच नाहीत. सांडलेलेच दिवस निवडायचे आणि मागं वळून बघायचं, म्हणजे चढ दिसणारच. पाऊस लहरीनं पडला तरी दिसणार.

आरन शुर्गर, जाकोबो सिट आणि स्तानिस्लास दहान यांनी 2012 साली हेच गणितात मांडलं. त्यांचं म्हणणं असं: ‘कधीतरी हलवा’ या सूचनेमुळं मेंदूतल्या हालचालीची पातळी मनगट हलण्याच्या उंबरठ्याच्या जवळ येऊन थांबते, पण ओलांडत नाही. वर मेंदूचे स्वतःचे चढउतार चालूच असतात, गळतीही असते. त्यातला एखादा चढ उंबरठा पार करतो तेव्हा मनगट हलतं. या गणिती नमुन्यातून निघालेली सरासरी खऱ्या लहरीशी जुळली. नुसतं जुळवून ते थांबले नाहीत, हे मला आवडलं. त्यांनी लोकांना सांगितलं की मनाला येईल तेव्हा बटण दाबा, पण मध्येच ‘टक्’ ऐकू आलं तर लगेच दाबा. टक् कधी येणार ते कुणालाच माहीत नाही. नमुना खरा असेल तर टक् वाजताना ज्यांची पातळी योगायोगानं वर असेल ते पटकन दाबतील. तसंच झालं: जलद प्रतिसादांच्या आधी लहर आधीच चढलेली होती, आणि तिथं ‘ठरवून ठेवलेलं’ काही असायचं कारणच नव्हतं.

म्हणजे 550 मिलिसेकंदांवर निर्णय झाला, हे वाचन डळमळतं. निर्णय उंबरठा ओलांडताना झाला म्हणा हवं तर, आणि ते हालचालीच्या बरंच जवळ येतं. हाही एक नमुनाच आहे, शेवटचा शब्द नव्हे. पण तोच आलेख दोन गोष्टी सांगू शकतो एवढं कळलं तरी ‘सिद्ध झालं’ म्हणता येत नाही.

दुसरी बाजूही कच्ची आहे, ती 200 मिलिसेकंदांची. तबकडीच्या साठ भागांतला एक भाग म्हणजे जेमतेम 43 मिलिसेकंद. ठिपका पळतोय, तुम्ही मनाकडंही बघताय आणि ठिपक्याकडंही. बँक्स आणि इशाम यांनी 2009 साली बटण दाबल्यानंतर किंचित उशिरानं बीप वाजवला, तर लोकांनी ‘वाटलं’ ती वेळही पुढं सरकवून सांगितली. मागच्या क्षणाची वेळ पुढच्या आवाजानं बदलते, याचा अर्थ तो आकडा निदान काही अंशी नंतर जुळवलेला असतो. हे वाचल्यापासून कुणी ती 350 मिलिसेकंदांची वजाबाकी मांडली की मला चहा घ्यावासा वाटतो.

आणि मुळात मनगट कधी हलवायचं, हा निर्णय तरी कसला? ते कुठल्याही क्षणी हललं तरी सारखंच. उरी माओझ आणि सहकाऱ्यांनी 2019 साली लोकांना दोन संस्थांमधली एक निवडून तिला खरोखर देणगी द्यायला लावली. कुठलीही निवडली तरी दोघींना सारखेच पैसे, अशा फेऱ्यांत नेहमीची लहर दिसली. निवडीनं खरंच फरक पडणार होता, अशा फेऱ्यांत ती जवळजवळ नव्हतीच. बोट मात्र दोन्हीकडं सारखंच बटण दाबत होतं.

यानं इच्छा स्वतंत्र आहे असंही ठरत नाही, बरं का. जगातलं सगळं आधीच्या कारणांनी बांधलेलं आहे का, हा प्रश्न आहे तसाच राहतो, तो इलेक्ट्रोडनं सुटणारा नाही. मी बोलतोय ते फक्त या लहरीपुरतं.

आमच्या घरात दोन वर्षांपूर्वी लेकीला मराठी शाळेत घालायचं, कन्नड की इंग्रजी, यावर दोन महिने वाद चालला. बायको एका बाजूला, वडील दुसऱ्या, मी रोज पक्ष बदलायचो. शेवटी एका सोमवारी फॉर्मवर सही केली. सही करताना माझ्या टाळूवर इलेक्ट्रोड असते तर हात हलायच्या आधीची लहर कदाचित मिळालीही असती. पण मागं मोजायला शून्य धरायचा कुठला क्षण, सहीचा की ज्या रात्री जेवताना वडील गप्प झाले तो?