न पटणाऱ्या बाजूला किती जागा द्यायची?

“मॅडम, आयईएलटीएसच्या निबंधात दोन्ही मतं मांडा आणि स्वतःचं मत द्या, असं विचारतात. मला एकच बाजू पटते. दुसरीबद्दल काय लिहू? शब्द मोजून सारखे हवेत का? रायटिंग दोनदा सहावरच अडकलंय.”

हे विचारणारी मुलगी एका रुग्णालयात नर्स आहे. इंग्रजीच्या या परीक्षेत तिला सात बँड हवे होते. मी तिची वही मागून घेतली. विषय होता, पदवीचं शिक्षण सरकारने मोफत द्यावं की खर्च विद्यार्थ्याने सोसावा. ती स्वतः शैक्षणिक कर्ज फेडतेय, त्यामुळे मत ठाम: मोफत. निबंध २६८ शब्दांचा, त्यात विरुद्ध बाजूला २९ शब्द. “काही लोक म्हणतात सरकारकडे पैसा नाही, पण हे चुकीचं आहे.” झालं! बाजू मांडायच्या आधीच खोडून टाकली होती.

शब्द सारखे नसले तरी चालतात. एका परिच्छेदात ८० आणि दुसऱ्यात ११० असले म्हणून कोणी गुण कापत नाही. मात्र तपासणारा पाहतो की प्रश्नातला प्रत्येक भाग नीट हाताळलाय का. नुसत्या उल्लेखाला हाताळणं म्हणत नाहीत. एक कारण, ते का खरं वाटतं याचा खुलासा आणि एक उदाहरण, एवढं तरी प्रत्येक बाजूला लागतं.

मी तिला म्हटलं, “तुझ्या वॉर्डातल्या मावशी कर भरतात, त्यांची मुलं कॉलेजला गेली नाहीत. डॉक्टर होणाऱ्या मुलाची फी त्यांनी का भरावी?” ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “साबण घेतला तरी त्या कर भरतातच की.” तिचा परिच्छेद तिथेच तयार झाला.

पुढच्या आठवड्यात गाडी दुसऱ्या टोकाला गेली. दोन्ही परिच्छेद अगदी तोलून लिहिलेले, आणि शेवटी “दोन्ही बाजूंना आपापले फायदे आहेत.” मग तिचं मत कुठे गेलं? मला विचाराल तर ही चूक पहिलीपेक्षा महाग पडते, कारण वरच्या बँडसाठी भूमिका सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्पष्ट दिसावी लागते. म्हणून प्रस्तावनेतच एका वाक्यात मत लिहायला लावलं. न पटणारी बाजू आधी, “या मताच्या लोकांना वाटतं” अशा शब्दांत, म्हणजे ते बोल तिचे वाटणार नाहीत. तिथे खोडून काढायचं नाही. स्वतःची बाजू दुसऱ्या परिच्छेदात, आणि मावशींच्या कराला उत्तर तिथेच: शिकलेला डॉक्टर पुढे त्यांच्यावरच उपचार करतो.

४० मिनिटांतली पहिली पाच तिने आता फक्त यासाठी ठेवलीत. कच्च्या कागदावर न पटणाऱ्या बाजूचं कारण आणि उदाहरण लिहून झाल्याशिवाय ती निबंधाला हात लावत नाही.