दुसऱ्याला जसाच्या तसा उभा करता येईल असा प्रकल्प कसा मांडावा?

प्रश्न: आमचा विद्यार्थी प्रकल्प पूर्ण झाला आहे. ईएसपी-३२ मातीचा ओलावा मोजतो आणि गरजेप्रमाणे पाण्याचा छोटा पंप सुरू करतो. सर्किट, कोड आणि फोटो सर्वांसाठी खुले करायचे आहेत. नेमके काय दिले, तर कोणालाही तो आम्हाला न विचारता बनवता येईल?

उत्तर: सर्वप्रथम सर्किट डायग्राम आणि तुमच्यासमोर असलेले प्रत्यक्ष सर्किट एकेक तार धरून ताडून पाहा. प्रकल्पाच्या शेवटच्या दिवसांत एखादी पिन बदलली जाते, कोडमध्ये तो बदल होतो आणि डायग्राम मात्र जुनाच राहतो. तुमच्या प्रकल्पात हे विशेष घातक आहे, कारण ईएसपी-३२ चे वाय-फाय सुरू असताना एडीसी-२ गटातील पिनांवर अ‍ॅनालॉग मापन करता येत नाही. समजा, याच अडचणीमुळे तुम्ही सेन्सर पिन २५ वरून पिन ३४ वर हलवला असेल, तर डायग्राम दुरुस्त कराच, पण त्याशेजारी हे कारणही एका ओळीत लिहा. अन्यथा दुसरा कोणी स्वतःच्या सोयीसाठी तो पुन्हा २५ वर नेईल आणि वाय-फाय जोडले जाताच मापन का बिघडते, हे त्याला कळणार नाही. डायग्रामची मूळ कीकॅड फाइल आणि पीडीएफ अशी दोन्ही रूपे द्या, कारण नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या कीकॅडमध्ये उघडत नाही.

सुट्या भागांच्या यादीत नुसते ‘मॉसफेट’ असे लिहून भागत नाही. IRLZ44N आणि IRFZ44N या क्रमांकांत एकाच अक्षराचा फरक आहे आणि दिसायला दोन्ही भाग सारखेच असतात. पहिला कमी गेट व्होल्टेजवर चालावा असा बनवलेला असतो, तर दुसऱ्याला पूर्ण सुरू होण्यासाठी साधारण १० व्होल्ट लागतात. ईएसपी-३२ च्या पिनवर ३.३ व्होल्टच मिळत असल्यामुळे दुसरा भाग वापरणाऱ्याचा पंप मंद चालेल किंवा चालणारच नाही, मॉसफेट तापेल आणि तो बिचारा कोडमधील चूक शोधत बसेल.

माझ्या मते सर्वाधिक काळजी अंशांकनाची घ्यायला हवी. तुमच्या कोडमध्ये बहुधा दोन संख्या असतील, एक सेन्सर कोरड्या हवेत असतानाची आणि दुसरी पाण्यात असतानाची. त्या २८५० आणि १२५० आहेत असे धरू. मातीतील वाचन २०५० आले, तर कोड (२८५० − २०५०) ÷ १६०० या हिशोबाने ५० टक्के ओलावा दाखवेल. दुसऱ्याच्या सेन्सरच्या संख्या ३१०० आणि १५०० असतील, तर त्याच वाचनाचा अर्थ जवळपास ६६ टक्के होतो. पंपाची मर्यादा ५५ टक्के असेल आणि त्याने तुमच्याच संख्या ठेवल्या, तर पुरेशा ओल्या मातीतही त्याचा पंप सुरू राहील. म्हणून या संख्या कोडच्या सुरुवातीला वेगळ्या ठेवा, त्या प्रत्येकाने स्वतः मोजायच्या आहेत असे स्पष्ट लिहा आणि मोजण्याची कृतीही द्या. सेन्सर पाण्यात कोणत्या रेषेपर्यंत बुडवायचा, हे त्यात हवेच. ही टक्केवारी हवा आणि पाणी यांच्यामधील आहे, मातीतील पाण्याचे खरे प्रमाण नव्हे, हेही नमूद करा.

कोड देताना तो कोणत्या आवृत्त्यांवर चालला, हे फाइलमध्येच बांधून ठेवा. प्लॅटफॉर्मआयओ वापरत असाल, तर `platformio.ini` मध्ये असे लिहिता येते (आवृत्ती अर्थातच तुम्ही वापरलेली):

```ini
[env:esp32dev]
platform = espressif32@6.5.0
board = esp32dev
framework = arduino
```

वाय-फायचा पासवर्ड `secrets.h` या वेगळ्या फाइलमध्ये ठेवून तिचे नाव `.gitignore` मध्ये घाला आणि सोबत रिकामी `secrets.example.h` द्या. पासवर्ड पूर्वी कधी कमिट झाला असेल, तर फाइल पुसल्यावरही तो इतिहासात राहतो, त्यामुळे पासवर्डच बदलावा लागतो.

फोटोंनी डायग्राममध्ये न दिसणारे दाखवावे. पेटी बंद करण्यापूर्वी सर्किटचा सरळ वरून एक फोटो घ्या, ज्यात तारांचे रंग वेगळे ओळखू येतील. पंपाला समांतर जोडलेल्या डायोडचा एक फोटो अगदी जवळून घ्या, त्यावरील पट्टा धन बाजूकडे असल्याचे स्पष्ट दिसले पाहिजे. मोबाइलच्या फोटोंमधील स्थानाची माहिती काढून टाका.

परवाना न दिल्यास इतरांना तुमचे काम वापरण्याची कायदेशीर मुभा मिळत नाही. कोडसाठी एमआयटी, सर्किटसाठी सर्न ओपन हार्डवेअर आणि लेखन व फोटोंसाठी क्रिएटिव्ह कॉमन्स हे परवाने योग्य ठरतील, मात्र आधी गटातील प्रत्येकाची संमती घ्या.

हे सारे जुळले की गटाबाहेरच्या एका सहाध्यायाला केवळ या फाइलींवरून यंत्रणा बांधायला सांगा. त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तोंडी न देता `README.md` मध्ये लिहा आणि ते वाचून त्याला पुढे जाऊ द्या. त्याचा पंप योग्य वेळी सुरू आणि बंद होऊ लागला, की त्याच स्थितीला `git tag v1.0` ही खूण लावून प्रकल्प खुला करा.