ताईच्या लग्नासाठी आठवडाभर सुट्टी, आणि लगेच टेस्ट सिरीज: क्लासच्या डायरेक्टर सरांना अर्ज कसा लिहू?

प्रश्न: मी जळगावला नीटच्या रिपीटर बॅचला आहे. सख्ख्या ताईचं लग्न शिरपूरला 27 नोव्हेंबरला आहे, 24 ते 30 घरीच राहावं लागेल. 1 डिसेंबरपासून आमची पार्ट टेस्ट सिरीज सुरू होतेय. डायरेक्टर सर खूप कडक आहेत, मागे एकाला सगळ्यांसमोर झापलं होतं. अर्ज कसा लिहू की ते चिडणार नाहीत?

उत्तर:

भाऊ, मी काही वर्षं एका क्लासच्या ऑफिसला बसायचो, मुलांचे असे अर्ज माझ्याच टेबलावरून सरांच्या केबिनमध्ये जायचे, त्यामुळे सर ते वाचताना काय बघतात ते सांगतो. कारण ते सगळ्यात कमी बघतात. लग्नसराईत खान्देशात निम्म्या बॅचच्या घरी काही ना काही असतंच, कोणाची हळद, कोणाचा मांडव. सर पहिलं बघतात तारीख, मग पालकाची सही, आणि मग पोराने बुडणाऱ्या आठवड्याचं काय ठरवलंय ते. या तिन्हीतलं काही नसलं की मग ते चिडतात, आणि एखादा आमच्याकडचा सर असेल तर सरळ अहिराणीत विचारतो, "तुनी बहीणनं लगीन शे का तुनं?"

त्यांचं चिडणं कशातून येतं तेही समजून घे. टेस्ट सिरीजमध्ये मार्क कमी पडले की पालक मीटिंगमध्ये वडील म्हणतात क्लासने लक्ष दिलं नाही, तेव्हा पोरगा आठवडाभर गावी होता हे कोणालाच आठवत नाही. अर्जावर वडिलांची सही असली की सरांची बाजू कागदावर राहते. म्हणून सही वडिलांचीच घे, नाहीतर ॲडमिशन फॉर्मवर पालक म्हणून जे नाव दिलंय त्यांची, आणि ज्या नंबरवर गैरहजेरीचा मेसेज जातो तोच नंबर खाली लिही. वडिलांनी त्या नंबरवरून ऑफिसला एक फोन केला तर अर्ध काम तिथेच होतं.

आता खरी अडकणारी गोष्ट, जी पोरं अर्जात लिहीतच नाहीत. तू म्हणतोस सिरीज 1 तारखेपासून आहे, म्हणजे सिरीज तर बुडत नाहीये. पण 24 ते 30 मध्ये नेहमीची विकली टेस्ट आहे का ते बघ, बहुतेक क्लासमध्ये ती रविवारी असते, म्हणजे 30 तारखेला. बऱ्याच ठिकाणी टेस्टच्या सरासरीवर रँक लिस्ट लागते आणि त्यावरून वरची-खालची बॅच ठरते. समज तुझ्या आधीच्या तीन टेस्टमध्ये 720 पैकी 500, 480 आणि 520 आलेत, सरासरी 500. चौथीला तू नाहीस आणि ऑफिसने शून्य टाकलं तर तीच सरासरी 375 होते, आणि गैरहजर लिहून टेस्ट मोजलीच नाही तर 500 च राहते. एवढा फरक केवळ एक ओळ लिहिण्या-न लिहिण्याने पडतो, ही ओळ अर्जात हवीच. पेपर आधी दे असं मात्र मागू नको, पेपर फुटायच्या भीतीने कोणताच क्लास देत नाही, मागायचं ते नंतर बसून सोडवायला.

दुसरं म्हणजे त्या आठवड्यात कोणते चॅप्टर शिकवणार आणि ते पहिल्या टेस्टच्या सिलॅबसमध्ये आहेत का, हे शेड्यूलमध्ये बघ, नसेल तर फॅकल्टीला विचार. समज फिजिक्समध्ये रोटेशनल मोशन चालू आहे आणि 1 तारखेच्या पेपरला तेच आहे, तर तो चॅप्टर तुला गावी जाऊन स्वतः करावा लागेल, मग तेवढंच अर्जात लिही. सगळं करेन, रोज आठ तास अभ्यास करेन असं लिहू नको, सरांनी लग्नघर पाहिलेलं असतं, हळदीच्या दिवशी कोणी पुस्तक उघडत नाही हे त्यांना माहीत असतं. पेलेल तेवढंच लिहिलं की विश्वास बसतो.

आणि खोटं मेडिकल काढू नको. तिथे डॉक्टरचा कागद मागतात, आणि इकडे तुझ्याच बॅचची दोन पोरं लग्नाला येऊन वरण-बट्टीच्या पंगतीचे फोटो स्टेटसला टाकतात, मग जे व्हायचं ते होतं.

मी असा लिहिला असता:

प्रति,
मा. संचालक साहेब,
(क्लासचं नाव), जळगाव
दिनांक: 17/11/2025

विषय: बहिणीच्या लग्नानिमित्त 24/11/2025 ते 30/11/2025 रजा मिळणेबाबत.

महोदय,
मी (नाव), नीट रिपीटर बॅच, रोल नं. ___. माझ्या सख्ख्या बहिणीचा विवाह गुरुवार, 27/11/2025 रोजी शिरपूर येथे आहे. घरच्या कामांसाठी मला सोमवार, 24/11/2025 ते रविवार, 30/11/2025 गावी राहणे आवश्यक आहे. 1/12/2025 पासून सुरू होणाऱ्या पार्ट टेस्ट सिरीजला मी पहिल्या पेपरपासून हजर राहीन.
या काळातील फिजिक्सच्या रोटेशनल मोशनच्या नोट्स मी मित्राकडून घेऊन त्याचे मॉड्यूलमधील प्रश्न सोडवून आणीन. 30/11/2025 ची विकली टेस्ट परत आल्यावर ऑफिसमध्ये बसून सोडवण्याची परवानगी मिळावी, आणि ती शक्य नसल्यास सरासरीत शून्य न धरता गैरहजर अशी नोंद करावी, ही विनंती.

आपला विद्यार्थी,
(नाव व सही)
पालकांची सही व मोबाईल नंबर: ___
सोबत: लग्नपत्रिका

बस, एवढंच, एका पानात. पत्रिका जोडच, छापून आली नसेल तर व्हॉट्सॲपवर आलेली प्रिंट काढून लाव. सरांचे पाय धरल्यासारखं 'कृपया कृपया' लिहू नको आणि आजीला बरं नसतं वगैरे जोडकारणंही नको, एकाच कारणावर राहा, दुसरं कारण आलं की पहिल्यावर शंका येते.

निघायच्या आठवडाभर आधी दे, आदल्या दिवशी नको, आदल्या दिवशी दिलेला अर्ज म्हणजे परवानगी नाही तर नुसती माहिती असते आणि सर नेमके तिथेच बोलतात. दोन कॉपी कर, एक ऑफिसला आणि दुसरीवर ऑफिसची तारखेसहित सही किंवा शिक्का घेऊन स्वतःकडे ठेव. सर थेट भेटणार असतील तर सगळ्या बॅचसमोर लेक्चरनंतर गाठू नको, दुपारी ऑफिसमध्ये शांत असताना जा. तोंडी हो म्हणाले तरी बॅच कोऑर्डिनेटरला सांग की रजिस्टरला नोंद घ्या, कारण गैरहजेरीचा मेसेज सिस्टीमच टाकते आणि तो लग्नाच्या गर्दीत वडिलांच्या मोबाईलवर आला की उगाच गोंधळ.

नाहीच म्हणाले तर दिवस कमी करून बघ. लग्न गुरुवारी आहे, शुक्रवारी पाहुणे पांगतात, शनिवारी सकाळी चोपड्यावरून एसटीने जळगावला आलास तर रविवारची टेस्टही मिळते आणि अर्जात 24 ते 28 एवढीच रजा राहते, पाच दिवस. पाच दिवसांना नाही म्हणणं कडक सरांनाही जड जातं. घरी आईला मात्र हे आत्ताच सांगून ठेव, सगळं आवरायच्या आधीच पोरगा निघाला म्हणून बोलणी बसतील.