एनर्जी ड्रिंकमधलं कॅफीन, टॉरीन आणि साखर

प्रश्न: रात्री अभ्यासाला जागायचं म्हणून एनर्जी ड्रिंक घेतो. कॅफीन, टॉरीन आणि साखर एकत्र पोटात गेल्यावर काय होतं? कोणी टाळावं?

उत्तर: तरतरी येते ती मुख्यतः कॅफीनमुळे, साखर थोडा वेळ साथ देते आणि टॉरीन या अमिनो आम्लाचा स्वतंत्र उत्साहवर्धक परिणाम सिद्ध झालेला नाही. 250 मिलीच्या नेहमीच्या कॅनमध्ये साधारण 80 मिग्रॅ कॅफीन, म्हणजे कपभर कॉफीएवढंच, आणि 27 ग्रॅम साखर, म्हणजे जवळपास सहा-सात चमचे. (इतकी साखर चहात कोणी घालणार नाही!) साखरेचा जोर तासा-दोन तासांत ओसरतो, पण निम्मं कॅफीन पाचेक तासांनीही रक्तात असतं. म्हणून रात्री अकराला प्यायलात तर पहाटे थकवा असूनही झोप लागत नाही.

हृदयाचा मुद्दा मात्र वेगळा. 2017 च्या एका अमेरिकी चाचणीत 18 निरोगी तरुणांना सुमारे 950 मिली एनर्जी ड्रिंक दिलं आणि दुसऱ्या वेळी तेवढंच, 320 मिग्रॅ, कॅफीन असलेलं साधं पेय. एनर्जी ड्रिंकनंतर दोन तासांनी ईसीजीतलं क्यूटी अंतर, म्हणजे प्रत्येक ठोक्यात हृदयाला विद्युत संदेश मिळून पुन्हा पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हायला लागणारा वेळ, सुमारे 10 मिलिसेकंदांनी जास्त वाढलेलं दिसलं. म्हणजे दोष एकट्या कॅफीनचा नसावा. अर्थात चाचणी लहान होती आणि मात्रा चार कॅनएवढी, त्यामुळे एका कॅनला हे जसंच्या तसं लावू नका.

यांनी टाळावं:
- मुलं, गरोदर व स्तनदा माता, कॅफीन न सोसणारे (भारतात ही सूचना कॅनवरच असते, दिवसाला 500 मिलीच्या मर्यादेसह)
- हृदयाचे ठोके अनियमित असणारे, उच्च रक्तदाबाचे रुग्ण
- मधुमेही, शुगर-फ्री घेतलं तरी कॅफीन तेवढंच
- दारूत मिसळून पिणारे, कारण चढलेली नशा जाणवत नाही